इन्स्टावरची पोस्ट उडवली, तरी गुरुजींना येणारे फोन थांबेनात: जोडलेल्या खात्यांवरच्या प्रती शोधून पुसायची रीत

मंगळवार पेठेतल्या एका वैनींच्या कांदा-लसूण चटणीच्या व्यवसायाची ऑनलाइन खाती मी सांभाळतो. चैत्रात मिरच्या वाळवून, डंकावर कुटून नवी चटणी तयार झाली की वर्षातली मोठी विक्री त्या दोन महिन्यांतच होते. मागच्या हंगामात, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या गडबडीत, एका शनिवारी संध्याकाळी ६:४० ला मी ‘नवी चटणी तयार’ अशी पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकली. ऑर्डरसाठी दिलेल्या व्हॉट्सॲप नंबरातले शेवटचे दोन अंक उलटे पडले होते. चूक माझीच. नंबर मजकुरातही होता आणि फोटोवरच्या डिझाइनमध्येही.

७:०५ ला वैनींचा फोन आला. “भावजी, हा नंबर कुणाचा टाकलाय? माझा न्हाई हा.” ७:०७ ला मी पोस्ट उडवली, सव्वासातला दुरुस्त करून नवी टाकली आणि यात्रेतल्या मित्रांना गाठायला गेलो. सोमवारी सकाळी दुकानाच्या फेसबुक पेजवर एक निरोप आला: “मी निवृत्त शिक्षक आहे. चटणी विकत नाही. शनिवारपासून तेवीस फोन आले. कृपया माझा नंबर काढा.” गुरुजी सोलापूरकडचे. त्यांनी सोबत दोन स्क्रीनशॉट जोडले होते, आणि दोन्ही इन्स्टाग्रामचे नव्हते.

पोस्ट सत्तावीस मिनिटं जगली, फोन मात्र दोन दिवस चालले. ते कशामुळे झालं आणि त्या प्रती मी कोणत्या क्रमानं शोधून काढल्या, ते इथं लिहितोय. यातलं थोडं मी शहाणपणानं केलं आणि बरंचसं आधी चुकीच्या क्रमानं केलं.

## प्रत म्हणजे आरसा नव्हे

आमची जोडणी अशी होती. इन्स्टाग्रामवर पोस्ट पडली की मेटाच्या अकाउंट्स सेंटरमधल्या सोयीमुळं ती फेसबुक पेजवर आपोआप जायची. आयएफटीटीटी किंवा झॅपियर या जातीचं एक ऑटोमेशन टूल तीच पोस्ट टेलिग्राम चॅनलवर आणि एक्सवर टाकायचं. वेबसाइटवर इन्स्टाग्रामचे फोटो दाखवणारं एक प्लगिन होतं. टाकायचं एका ठिकाणी, दिसायचं पाच ठिकाणी. अशी सोय असली की मनात नकळत चित्र उभं राहतं ते आरशाचं: मूळ वस्तू हलवली की प्रतिबिंबही हलणार.

प्रत्यक्षात हे फ्लेक्ससारखं आहे. कोल्हापुरात फ्लेक्स कसे लागतात हे कुणाला सांगायला नको. डिझाइन एकच, छपाई पाच, आणि एक दसरा चौकात, एक बिंदू चौकात, एक कावळा नाक्यावर. डिझाइनरनं आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल उडवली म्हणून दसरा चौकातला फ्लेक्स उतरत नाही. लावणाऱ्या पोराला “लाव” एवढंच सांगितलेलं असतं, आणि लावून झाल्यावर त्याचा त्या फ्लेक्सशी संबंध संपलेला असतो.

टूलही तसंच वागतं. ठरावीक वेळानं ते तुमच्या इन्स्टाग्राम खात्यात डोकावतं आणि काही नवं आहे का ते बघतं. नवं दिसलं की फोटो आणि मजकूर उचलतं आणि दुसऱ्या ठिकाणी “नवीन पोस्ट तयार कर” अशी आज्ञा देतं. तिथं तयार होते ती पूर्णपणे वेगळी पोस्ट. तिचा क्रमांक वेगळा, तिच्या कमेंट वेगळ्या, फोटोसुद्धा त्या कंपनीच्या सर्व्हरवर नव्यानं साठवलेला. टेलिग्रामला फोटोची नुसती लिंक दिली तरी ते फोटो स्वतःकडं उतरवून घेतं. त्यामुळं मूळ फोटो गेला म्हणून टेलिग्रामवरची चौकट रिकामी दिसत नाही.

टेलिग्रामवर टूल ज्या बॉटमार्फत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यामार्फत, पोस्ट टाकतं, त्याच्याकडं या दोन आज्ञा कशा असतात ते बघितलं की गोष्ट लगेच कळते:

```
sendPhoto      chat_id=@channel_name   photo=photo_url   →  message_id: 412
deleteMessage  chat_id=@channel_name   message_id=412
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात ४१२ हा क्रमांक मिळतो. पुसायचं असेल तर तोच क्रमांक हातात हवा, आणि दुसरी आज्ञा कुणीतरी मुद्दाम द्यायला हवी. इन्स्टाग्रामवरच्या पोस्टला हा ४१२ ठाऊक नसतो. मधलं टूल फार तर आपल्या नोंदीत तो ठेवतं, पण त्याला दुसरी आज्ञा द्यायला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग टूल बनवणाऱ्यांनी ही सोय का केली नाही? मलाही आधी हा आळशीपणा वाटला होता, पण कारण पटण्यासारखं आहे. टूलला बहुतेक वेळा खात्यावरच्या अलीकडच्या पोस्टची यादी मिळते. ‘अमुक पोस्ट पुसली’ असा निरोप मिळत नाही. यादीतून एखादी पोस्ट गायब झाली तर ती पुसलेली असेल, संग्रहात टाकलेली असेल, खातं खासगी केलेलं असेल, जोडणीची परवानगी संपलेली असेल, किंवा ती पोस्ट जुनी होऊन यादीच्या तळातून सरकून गेली असेल. टूलला हे सगळं सारखंच दिसतं: नाही म्हणजे नाही. एवढ्या अंदाजावर ते पुसायला लागलं, तर एखाद्या दिवशी जोडणी तुटली की तुमचं अख्खं टेलिग्राम चॅनल साफ. प्रत राहिली तर मनस्ताप होतो, पण चुकून सगळं पुसलं गेलं तर भरून निघत नाही. म्हणून टूल जास्तीचं ठेवतं आणि पुसायचं काम माणसावर सोडतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच मालकाचे आहेत, तिथं तरी हे व्हायला हवं होतं, असं वाटतं. तिथंही दोन पोस्ट वेगळ्याच. इन्स्टाग्रामवरची पुसली किंवा तिचा मजकूर दुरुस्त केला तरी फेसबुकवरची जशीच्या तशी राहते. स्टोरीचंही तेच, फक्त ती चोवीस तासांत आपोआप मावळते म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

मॅस्टोडॉनसारख्या जाळ्याची रचना याहून वेगळी आहे. तिथं एका सर्व्हरवर पोस्ट पुसली की बाकीच्या सर्व्हरना ‘पुसा’ असा निरोपच जातो, कारण त्यांच्या आपसातल्या भाषेत त्या निरोपाची जागा ठेवलेली आहे. तरीही समोरच्या सर्व्हरनं तो ऐकला नाही तर प्रत उरतेच. आपल्या टूलच्या साखळीत तर तो निरोप निघतच नाही.

## आधी टूल थांबवा, मूळ पोस्टला मग हात लावा

माझी मोठी चूक नंबराची नव्हती. ती ७:१५ ला झाली. मूळ पोस्ट पुसून मी दुरुस्त पोस्ट टाकली तेव्हा टूल चालूच होतं. चुकीची पोस्ट त्यानं ६:५२ ला उचलून नेली होती. ७:२२ ला त्याला नवी पोस्ट दिसली आणि तीही त्यानं इमानदारीत सगळीकडं टाकली. परिणामी टेलिग्राम आणि एक्सवर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन पोस्ट, फेसबुकवरही दोन. फोटो एकच, नंबर दोन. गिऱ्हाईक कुठला खरा धरणार? ज्याची पोस्ट आधी समोर आली, त्याच्यावर आधी फोन. बऱ्याच जणांना तर वाटलं की दुकानाचे दोन नंबर आहेत, एक लागला नाही तर दुसऱ्यावर करावा. गुरुजींना रविवारी जे फोन आले त्यांत असेही होते.

‘पुसून पुन्हा टाकणे’ हे एकाच खात्यावर बरोबर चालतं. जोडलेल्या खात्यांवर त्यानं चुकीची प्रत जात नाही, उलट तिच्या शेजारी बरोबर प्रत येऊन बसते.

म्हणून पहिलं काम: टूलमधली ती जोडणी तात्पुरती बंद करा. बहुतेक टूलमध्ये त्यासाठी चालू-बंद करायचं बटण असतं. इथं एक सावधगिरी. घाबरून जोडणी काढून टाकू नका, टूलचं खातं तर मुळीच बंद करू नका. जोडणी तोडल्यानं आधी गेलेल्या पोस्ट परत येत नाहीत, आणि कोणती पोस्ट कुठं गेली याची नोंद मात्र जाऊ शकते. पुढच्या शोधात तीच नोंद लागणार आहे.

टूल पोस्ट उचलायच्या आतच तुम्ही ती पुसली, तर प्रत तयारच होत नाही. हा मधला अवधी टूल आणि तुमची योजना यांवर अवलंबून असतो, काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत. त्यामुळं “मी मागं एकदा पुसली होती तेव्हा सगळीकडून गेली होती” असं कुणी सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. त्या वेळी टूल अजून डोकावलं नव्हतं, इतकंच.

टूल थांबवल्यावर मूळ पोस्टचं काय करायचं? परक्या माणसाचा नंबर त्यात असेल तर ती लोकांसमोर ठेवता येत नाही, हे उघड आहे. पण पुसण्याऐवजी इन्स्टाग्रामवर `Archive` करा, म्हणजे संग्रहात टाका. पोस्ट लोकांना दिसायची थांबते आणि तुमच्याकडं मजकूर, वेळ, कमेंट सगळं राहतं. प्रती जुळवताना नेमका मजकूर आणि नेमकी वेळ लागते. शिवाय कमेंटमध्ये “२ किलो, सांगली” असं लिहिणारे गिऱ्हाईक असतात, आणि पोस्टबरोबर त्यांच्या ऑर्डरही नजरेआड होतात. मी पुसूनच टाकली होती. नशिबानं इन्स्टाग्राम पुसलेली पोस्ट `Recently Deleted` मध्ये ३० दिवस ठेवतं, तिथून ती परत काढली आणि ताबडतोब संग्रहात टाकली. एक्सवर अशी टोपली नाही. तिथं पुसलं की गेलं, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या.

## कुठं कुठं गेली याची यादी: दोन्ही टोकांनी

यादी करताना माणूस देणाऱ्या बाजूनं विचार करतो: मी कुठं कुठं पाठवायला सांगितलं होतं? ती अर्धी यादी. तीही करा. अकाउंट्स सेंटर उघडून कुठल्या खात्यावर आपोआप शेअर होतं ते बघा. फेसबुकबरोबर थ्रेड्सही चालू केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. मग टूल उघडून त्यातल्या सगळ्या जोडण्या वाचून काढा, बंद असलेल्याही.

दुसरी अर्धी यादी घेणाऱ्या बाजूनं करायची, आणि विसरलेल्या वाटा तिथंच सापडतात. प्रत्येक खात्यावर जाऊन एकच प्रश्न विचारायचा: इथं लिहायची परवानगी कुणाकुणाला आहे? एक्सच्या सेटिंगमध्ये `Connected apps` आहे. टेलिग्राम चॅनलच्या प्रशासकांच्या यादीत माणसांबरोबर बॉटही दिसतात. फेसबुक पेजला कोणाकोणाचा प्रवेश आहे ते पेजच्या सेटिंगमध्ये दिसतं. आमच्या टेलिग्राम चॅनलवर दोन बॉट निघाले. एक चालू टूलचा. दुसरा आमच्या आधी हे काम बघणाऱ्या पोरानं दोन वर्षांपूर्वी बसवलेला, ज्याच्याबद्दल वैनींना काहीच माहीत नव्हतं. त्याच्या करामतीवर शेवटी येतो.

ही यादी कागदावर करा. मोबाइलवर पाच ॲपमध्ये उड्या मारताना कुठलं बघितलं आणि कुठलं राहिलं याचा हमखास गोंधळ होतो. वैनींच्या ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी चार रकाने आखले: ठिकाण, त्या प्रतीची थेट लिंक, वेळ, पुसली का.

## प्रत्येक प्रतीची थेट लिंक मिळवणे

टूलमध्ये एक नोंदपान असतं, कुठं `Activity` तर कुठं `History` नावाचं. त्या दिवसाच्या नोंदी काढा. ६:५२ आणि ७:२२ अशा दोन फेऱ्या मला तिथं स्पष्ट दिसल्या. टूल थांबवायच्या आधी दुसरी पोस्ट टाकल्याचा दोषही तिथंच उघडा पडला. काही टूल तयार झालेल्या पोस्टची लिंक देतात, काही नुसती वेळ. वेळ मिळाली तरी पुरे.

टेलिग्रामवर सोपं आहे. चॅनलमध्ये चुकीचा नंबर शोधला की पोस्ट सापडते, आणि तिची लिंक `t.me/channel_name/412` अशी असते. शेवटचा आकडा म्हणजे मघाचा क्रमांक. फेसबुक पेजसाठी मेटा बिझनेस सूटमध्ये प्रकाशित पोस्टची यादी तारखेप्रमाणं बघा. पेजवर खाली सरकत शोधण्यापेक्षा ते बरं.

एक्सनं मला अर्धा तास चकवलं. तिथं चुकीचा नंबर टाकून शोधलं तर काहीच निघेना, आणि मी मानून चाललो की तिथं पोस्ट गेलीच नाही. खरं असं झालं होतं की साध्या खात्यावर एक्सची मर्यादा २८० अक्षरांची, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘किलो’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, तिथं तो चार भरतो. आमचा मजकूर लांब होता. टूलनं तो मध्येच कापला, पुढं इन्स्टाग्रामची लिंक चिकटवली, आणि शेवटच्या ओळीतला नंबर कापाकापीत गेला. म्हणजे मजकुरात नंबर नव्हता म्हणून शोधात सापडत नव्हता, आणि फोटोवर मात्र ठळक पिवळ्या अक्षरांत झळकत होता. लिंक आता मेलेली, फोटो जिवंत.

अशा वेळी शब्दानं न शोधता तारखेनं शोधायचं. एक्सच्या शोधचौकटीत हे टाका, `handle` च्या जागी आपलं नाव आणि आपली तारीख:

```
from:handle since:2025-04-11 until:2025-04-14
```

पोस्ट १२ तारखेची असली तरी दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्त घेतला आहे. तिथले दिवस आपल्या घड्याळानं बदलत नाहीत. आपली वेळ तिथल्या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं असल्यामुळं पहाटे टाकलेली पोस्ट आदल्या दिवसात मोजली जाऊ शकते. हा नियम बाकीच्या ठिकाणीही पाळा: चूक फोटोत असेल तर शब्दांच्या शोधावर विश्वास ठेवू नका, त्या दिवसाच्या सगळ्या पोस्ट डोळ्यांनी बघा.

आणखी एक साधा मार्ग आहे, जो मला गुरुजींमुळं सुचला. फोन करणाऱ्यालाच विचारायचं. मी त्यांना फोन करून हात जोडले आणि विनंती केली की आता कुणाचा फोन आला तर “नंबर कुठं बघितला” एवढं विचारा, जमलं तर फोटो मागवून घ्या. गुरुजींनी ते शाळेच्या हजेरीसारखं नीट केलं. स्क्रीनशॉटवरून ठिकाण ओळखता येतं. टेलिग्रामच्या पोस्टखाली डोळ्याचं चिन्ह आणि बघणाऱ्यांचा आकडा असतो. पुढं पाठवलेल्या पोस्टच्या डोक्यावर मूळ चॅनलचं नाव असतं. फेसबुकवर पेजचं नाव वर, मजकूर त्याखाली आणि मग फोटो. गुरुजींच्या नोंदीत एक “व्हॉट्सॲप ग्रुप, फोटो कापलेला” अशीही होती, ती वेगळी जमात.

## पुसताना

लिंका हातात आल्यावर पुसणं दहा मिनिटांचं काम आहे. ते प्रत्येक ठिकाणी त्या ॲपमध्ये जाऊनच करा. पोस्ट पाठवणाऱ्या टूलमधल्या यादीत ‘डिलीट’ असलं तरी बऱ्याचदा ते फक्त टूलमधली नोंद पुसतं, बाहेरची पोस्ट तशीच राहते. म्हणजे दुहेरी नुकसान: पोस्ट गेली नाही आणि ती शोधायचा धागाही गेला. काही टूल काही ठिकाणी खरोखर पुसतात, पण कुठलं काय करतं हे त्याच्या बटणावर लिहिलेलं नसतं. लिंक उघडून बघितल्याशिवाय मानू नका.

पुसायचं की दुरुस्त करायचं? चूक फक्त मजकुरात असेल तर टेलिग्राम चॅनलवर आणि फेसबुकवर पोस्ट दुरुस्त करणं जास्त चांगलं. कमेंट राहतात, आणि लिंक कुणी कुठं पाठवली असेल तर तिथंही दुरुस्त मजकूर उघडतो. एक्सवर दुरुस्ती पैसे भरणाऱ्यांनाच, तीही थोड्याच वेळात करता येते. इन्स्टाग्रामवर मजकूर बदलता येतो, फोटो नाही. आमची चूक फोटोवरही होती, तेव्हा आम्ही सगळीकडं पुसायचंच ठरवलं.

वेबसाइटवरचं प्लगिन हा चोरटा प्रकार आहे. ते इन्स्टाग्राममधून थेट दाखवतं असं आपण समजतो. खरं तर पान लवकर उघडावं म्हणून बरीच प्लगिन फोटोची प्रत आपल्याच सर्व्हरवर ठेवतात आणि ठरावीक वेळानंच ती ताजी करतात. इन्स्टाग्रामवरून पोस्ट गेल्यावरही आमच्या मुखपृष्ठावर ती सोमवारपर्यंत होती. प्लगिनच्या सेटिंगमध्ये ही साठवलेली प्रत, म्हणजे कॅश, साफ करायचं बटण असतं, ते दाबा. मग वेबसाइटची स्वतःची कॅश असेल तर तीही साफ करा, याच क्रमानं. उलट केलं तर वेबसाइट प्लगिनमधला जुनाच फोटो पुन्हा साठवून ठेवते.

पान गूगलच्या शोधात जुन्या मजकुरासह दिसत असेल तर गूगलचं जुना मजकूर ताजा करायला सांगायचं एक पान आहे. तिथं पत्ता दिला की काम होतं, पण आधी मूळ पानावरून मजकूर गेलेला असला पाहिजे:

```
search.google.com/search-console/remove-outdated-content
```

तपासणी स्वतःच्या फोनवर करू नका. तुम्ही प्रशासक म्हणून आत असता, आणि ॲप जुनं चित्र धरून बसलेलं असू शकतं. वहीतली प्रत्येक थेट लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा. फेसबुक आणि एक्स लॉगिन नसताना नीट दाखवत नाहीत, तिथं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून बघा. वैनींच्या पोरानं ते केलं.

## जे आपल्या हातात नाही

टेलिग्रामवर कुणी आपली पोस्ट पुढं पाठवली, तर ती त्या ग्रुपमधली स्वतंत्र पोस्ट होते. चॅनलवरची मूळ पुसली तरी ती तिथंच. व्हॉट्सॲपवरही तसंच: तुम्ही स्वतः पाठवलेला निरोप सर्वांसाठी पुसता येतो, तोही सुमारे अडीच दिवसांच्या आत. पण तो दुसऱ्यानं पुढं ढकलला असेल तर त्यावर तुमची सत्ता नाही. स्क्रीनशॉटचं तर विचारूच नका.

इथं पुसायच्या मागं लागण्यापेक्षा दुरुस्तीची पोस्ट त्याच वाटेनं पाठवणं बरं. मी टेलिग्राम चॅनलवर “शनिवारच्या पोस्टमधला नंबर चुकीचा होता, त्यावर फोन करू नका, बरोबर नंबर हा” अशी छोटी पोस्ट टाकून ती वर टाचून ठेवली. पुढं पाठवलेल्या पोस्टच्या डोक्यावरचं चॅनलचं नाव दाबलं की माणूस चॅनलवर येतो आणि वर टाचलेलं त्याला आधी दिसतं. दुरुस्तीच्या पोस्टमध्ये चुकीचा नंबर मात्र पुन्हा लिहू नका. ‘हा नंबर नव्हे’ असं सांगायच्या नादात मी तो पहिल्या मसुद्यात लिहिला होता. वैनींनी वाचून विचारलं, “म्हंजे गुरुजींना परत फोन?”

ओळखीच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रशासकांना फोन करून तो फोटो काढायला लावला. ग्रुपचा प्रशासक इतरांचा निरोपही सर्वांसाठी पुसू शकतो, हे दोघांना माहीतच नव्हतं. बुधवारी गुरुजींना एकच फोन आला. तो त्यांच्या मेहुण्याचा होता.

## पुन्हा सुरू करताना

टूल चालू केल्यावर पहिली पोस्ट साधी टाका, किंमत आणि नंबर नसलेली, आणि ती सगळीकडं एकदाच गेली ना ते नोंदपानात बघा. बंद काळात टाकलेल्या पोस्ट काही टूल चालू होताच गोळा करून पाठवतात. तसं झालं तर ते तिथंच कळतं.

आम्ही एक कायमचा बदल केला. आता नंबर फोटोवरही नसतो आणि मजकुरातही नसतो. पोस्टमध्ये आमच्या वेबसाइटवरच्या ऑर्डरच्या पानाची लिंक असते आणि नंबर फक्त त्या पानावर. पोस्टच्या प्रती किती का होईनात, नंबर बदलायचा तर एका जागी बदलतो. वैनींना हे फारसं आवडलेलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांना फोटोवर नंबर लागतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. फोटोवर नंबर नाही म्हटल्यावर मार्केट यार्डातल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं “दुकान बंद केलं काय?” असं विचारलं होतं. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलवर ठेवावी लागते, हीही एक गैरसोय आहेच.

राहिला तो जुना बॉट. सगळं आवरलं असं समजून बसलो होतो, आणि पुढच्या सोमवारी, म्हणजे नऊ दिवसांनी, टेलिग्राम चॅनलवर चुकीच्या नंबराची तीच पोस्ट सकाळी ९ वाजता पुन्हा उगवली. तो बॉट चॅनलवरच्या जास्त बघितल्या गेलेल्या पोस्ट स्वतःच्या साठ्यात उचलून ठेवायचा आणि आठवड्यानं पुन्हा टाकायचा. अशा फिरत्या रांगा बऱ्याच टूलमध्ये असतात. बाहेरची पोस्ट पुसली तरी रांगेतला मूळ मजकूर तसाच असतो, आणि वेळ आली की तो बाहेर पडतो. चॅनलवरच्या प्रशासकांच्या यादीत मी त्या बॉटचं नाव बघितलं होतं, वहीत लिहिलंही होतं, पण ‘दोन वर्षं जुना आहे, बंदच असेल’ म्हणून पुढं गेलो होतो. यादीत जे नाव सापडेल त्याची परवानगी तिथंच काढा, आणि ते टूल उघडता येत असेल तर त्याची रांग आत जाऊन रिकामी करा. बॉटला प्रशासकपदावरून काढलं, पोस्ट पुसली आणि गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, “आला होता एक. अर्धा किलो पाहिजे होती त्याला, तुमचा नंबर दिला.”